बत्तीस किलोमीटर, सोळा ग्लास पाणी

*वय ४१, जळगाव. जानेवारीत पहिल्यांदाच ४२ किलोमीटर पळणार आहे. गेल्या रविवारी पहाटे मेहरूण तलावापासून ३२ किलोमीटरचा सराव केला, साडेचार तास लागले. ग्रुपमधले दादा सांगतात, ‘तहान लागायची वाट बघायची नाही.’ म्हणून मिस्टर स्कूटरवर पाण्याचा कॅन घेऊन सोबत होते आणि मी दर दोन किलोमीटरला एक भरलेला ग्लास प्यायले. मध्ये दोन केळी खाल्ली. पंचविसाव्या किलोमीटरनंतर पोट डब्ब झालं, मळमळायला लागलं. घरी आले तर डोकं ठणकत होतं, बोटातली अंगठी निघेना. लघवी थोडीशी आणि पिवळी झाली, म्हणून सासूबाईंनी आणखी दोन ग्लास पाणी पाजलं, ते उलटून पडलं. दुपारनंतर भरपूर लघवी झाली आणि मग बरं वाटलं. निघताना वजन ५२ किलो होतं, आल्यावर ५३.२ भरलं. एवढं पिऊनही पाणी कमीच पडलं का? शर्यतीला पाणी वाढवू की त्यात ओआरएसची पावडर घालू? गुडघा दुखू नये म्हणून निघण्याआधी एक वेदनाशामक गोळी घेते, ती चालेल ना?*

ताई, पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून टाकलेला वजनाचा आकडा आधी हातात घेऊ. साडेचार तास पळालेल्या माणसाचं वजन घटलं पाहिजे. तुमच्या अंगकाठीच्या बाईचं एक ते दीड किलो कमी झालं असतं तरी त्यात काळजीचं काही नव्हतं. तुमचं सव्वा किलोच्या आसपास वाढलं. दोन केळ्यांचं वजन सोडलं तर ही वाढ पाण्याचीच असणार. अंगात पाणी कमी पडलं असतं तर काट्याने हे दाखवलं नसतं. तुम्हाला झालेला त्रास पाणी जास्त झाल्याचा दिसतो. रक्त त्या वेळी तपासलं गेलं नाही, त्यामुळे शंभर टक्के शिक्का मारता येत नाही. पण डब्ब पोट, घट्ट झालेली अंगठी, मळमळ, डोकेदुखी, वाढलेलं वजन आणि लघवी मोकळी झाल्यावर पडलेला आराम, हे सगळं एकाच बाजूला बोट दाखवतं: रक्तातलं सोडियम पातळ होणं.

तुम्हाला फसवलं ते पिवळ्या लघवीने, आणि भल्याभल्यांना ती फसवते. एरवी लघवी गडद आणि थोडी झाली की पाणी प्यावं, हे बरोबरच आहे. निरोगी मूत्रपिंड स्वस्थ बसलेल्या माणसाचं तासाला ८०० मिलिलिटर ते एक लिटर जादा पाणी बाहेर टाकू शकतं. पण आपल्या मेंदूतून व्हॅसोप्रेसिन नावाचं एक हॉर्मोन सुटतं, आणि ते मूत्रपिंडाला सांगतं की पाणी सोडू नकोस. लांब पळण्याचा ताण, मळमळ आणि वेदना या तिन्हींनी हे हॉर्मोन वाढतं, अंगात पाणी भरपूर असलं तरी वाढतं. म्हणजे वरून नळ चालू आणि खालची मोरी बुजलेली. अशा वेळी जी थोडीफार लघवी होते ती गडदच असते. ती बघून घरचे पाणी पाजतात, मळमळ आणखी वाढते, मळमळीने हॉर्मोन आणखी सुटतं. सासूबाईंनी मायेनेच पाजलं, पण ते दोन ग्लास उलटून पडले हे बरंच झालं. दुपारी ताण उतरला, हॉर्मोन ओसरलं, मोरी मोकळी झाली आणि साठलेलं पाणी निघून गेलं.

आता तुमचाच हिशोब मांडून बघू. आकडे अंदाजाचे आहेत, पण त्यातून गोष्ट नीट कळते.

५२ किलोच्या बाईच्या अंगात साधारण निम्मं, म्हणजे २६ लिटर पाणी असतं. रक्तातलं सोडियम लिटरमागे १४० धरू; मिलिमोल हे त्याचं एकक प्रयोगशाळेच्या अहवालात दिसतं, आणि १३५ च्या खाली गेलं की ते कमी मानतात. १४० गुणिले २६ म्हणजे ३६४० ही तुमची निघतानाची शिल्लक. थंड पहाटे, तुमच्या वेगाला, तासाला ५५० मिलिलिटर घाम धरला तर साडेचार तासांत अडीच लिटर घाम गेला. घामात सोडियम रक्तापेक्षा बरंच कमी असतं. लिटरमागे ४५ धरलं तर सुमारे ११० गेलं आणि शिल्लक राहिली ३५३०. लघवीवाटे समजा २०० मिलिलिटर गेलं. आणि ग्लास अडीचशेचा धरला तर सोळा ग्लासांचं चार लिटर पाणी आत आलं. २६ मधून २.७ गेले, ४ आले, उरले २७.३ लिटर. ३५३० भागिले २७.३ म्हणजे १२९.

आता घाम, लघवी सगळं तेवढंच ठेवा आणि पाणी चार लिटरऐवजी १.८ लिटर प्यायलात असं धरा. अंगात २५.१ लिटर पाणी उरतं आणि सोडियम येतं १४०. घामातून मीठ तेवढंच गेलं, तरी आकडा जागेवर राहिला. बहुतेक धावपटूंच्या बाबतीत मुख्य गुन्हेगार प्यायलेलं पाणी असतं. घामातून गेलेलं मीठ त्याला हातभार लावतं, एवढंच.

हे १२९ सगळं पाणी आतड्यातून रक्तात उतरल्यावरचं आहे. घरी पोहोचलात तेव्हा त्यातलं काही पोटात खळखळतच असणार. म्हणूनच हा त्रास पळणं थांबल्यावर, कधीकधी काही तासांनी, जास्त जाणवतो. शर्यत संपवून हसत घरी गेलेला माणूस नंतर बरळायला लागला, तर शर्यतीतलं पाणी आठवलं पाहिजे.

रक्त पातळ झाल्यावर डोकंच का ठणकतं? रक्त पातळ झालं की पाणी पेशींमध्ये शिरतं आणि पेशी फुगतात. बोटं फुगली तर अंगठी अडकते, त्याने जीव जात नाही. मेंदू मात्र कवटीच्या पक्क्या डब्यात आहे, त्याला फुगायला जागाच नाही. आधी डोकेदुखी आणि मळमळ, मग गोंधळलेपणा, बोलण्यात विसंगती, झटके, बेशुद्धी, असा तो दाब चढत जातो. तुम्ही पहिल्या पायरीवरून परत फिरलात.

दादांवर रागावू नका. ‘तहानेच्या आधी प्या’ ही शिकवण त्यांच्या मनची नाही. १९९६ साली अमेरिकेतल्या क्रीडावैद्यक महाविद्यालयाने, म्हणजे तिथल्या या क्षेत्रातल्या तज्ज्ञांच्या संघटनेने, तासाला ६०० ते १२०० मिलिलिटर पिण्याचा सल्ला दिला होता आणि तो जगभर पसरला. त्याआधी १९८५ मध्येच दक्षिण आफ्रिकेतले डॉ. टिम नोक्स यांनी लांब पल्ल्याच्या शर्यतींतल्या अशा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती, पण तिचा आवाज फार दूर गेला नाही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवलेल्या ४८८ जणांचं रक्त तपासलं, तर १३ टक्क्यांचं सोडियम १३५ किंवा त्याखाली होतं आणि तिघांचं १२० किंवा त्याहून कमी, म्हणजे जिवावर बेतण्याइतकं. सगळ्यात ठळक खूण होती ती शर्यतीत वजन वाढल्याची. चार तासांपेक्षा जास्त वेळ लागलेल्यांना धोका अधिक होता. २००७ मध्ये त्याच संघटनेने आपला सल्ला बदलला, आणि २०१५ च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या बैठकीने तर साधं सांगितलं: तहान लागेल तसं प्या.

चार तासांची ही गोष्ट तुमच्यासाठी महत्त्वाची आहे. ३२ किलोमीटरचा वेग धरला तर ४२ ला तुम्हाला सहा तासांच्या आसपास लागतील. पुढे पळणाऱ्याला प्यायला सवड नसते आणि त्याचा घामही जास्त. मागून येणाऱ्याला प्रत्येक स्टॉलवर थांबायला वेळ असतो, पाणी देणारी पोरं आग्रह करतात, आणि हळू पळताना तासाचा घाम कमी. लहान चणीच्या माणसाला तेवढंच पाणी जास्त बाधतं, कारण २६ लिटरमध्ये एक लिटर मिसळणं आणि ४० लिटरमध्ये मिसळणं यात फरक आहे.

यात आपल्या खानदेशाची एक भर आहे. मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, ‘पाणी पीत राहा’ हे इथे लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं, आणि त्या उन्हात ते योग्यच आहे. दुपारी केळीच्या बागेत राबणाऱ्या माणसाला हा लेख दाखवून पाणी कमी करायला सांगू नका. पण डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे, स्वेटर घालावंसं वाटतं अशा हवेत, घाम निम्म्यावरही येऊ शकतो. उन्हाळ्याचं माप हिवाळ्यात लावलं की असं होतं.

मग पावडरीचं काय? खेळाडूंच्या नावाने मिळणाऱ्या पेयांत लिटरमागे सोडियम साधारण २० असतं. तुमच्या चार लिटरच्या हिशोबात ते घातलं तर १२९ चे १३२ होतात. म्हणजे थोडं सावरतं, पण पडायचं थांबत नाही, कारण १४० च्या रक्तात २० चं पेय ओतणं म्हणजेही पातळ करणंच. बोस्टनच्या अभ्यासातही साधं पाणी की पेय, यावरून धोका ठरला नाही. ओआरएस याहून दाट, लिटरमागे ७५. कागदावर चार लिटर ओआरएस आकडा सावरून धरतं, पण त्यात दहा ग्रॅम मीठ जातं आणि जादाचा सव्वा लिटर अंगात साठतोच. शिवाय घरोघरी काय होतं? एक लिटरचं पाकीट अख्ख्या कॅनमध्ये ओततात. ते मग फक्त चवीचं पाणी उरतं. ओआरएस न्यायचंच असेल तर पाकिटावर लिहिलेल्या मापातच करा, आणि प्या ते साध्या पाण्याच्या जागी, त्याच्या वर नाही. केळी खुशाल खा, ताकद देतात. पण केळ्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम जवळजवळ नाहीच. ‘केळी खाल्ली म्हणजे क्षार भरून निघाले’ हा समज इथे फार पक्का आहे, तो या बाबतीत कामाचा नाही.

तुमचं माप तुम्हीच काढा, एक तासाचं काम आहे. शर्यतीच्या वेळेला, तशाच हवेत, तशाच वेगाने एक तास पळायचं. निघताना लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन. सोबत मोजून पाणी घ्यायचं. परत आल्यावर अंग कोरडं पुसून त्याच कपड्यांत, त्याच काट्यावर पुन्हा वजन. काटा १०० ग्रॅमपर्यंत दाखवणारा असला की पुरे. समजा ५२.० चे ५१.६ झाले आणि वाटेत १५० मिलिलिटर प्यायलात, तर ४०० अधिक १५०, म्हणजे तासाला ५५० घाम. मध्ये लघवी झाली तर तेवढी वजा करा. दोन-तीन वेळा करा, म्हणजे भरवशाचा आकडा मिळतो. हा आकडा ‘एवढं प्यायलंच पाहिजे’ असा वाचू नका. ही वरची मर्यादा आहे, हिच्या पलीकडे जायचं नाही. प्रत्यक्षात तहानेने प्यायलात तर याच्या खालीच राहाल, आणि तेच हवं आहे.

तहानेवर विसंबायचं म्हणजे उशीर होईल, अशी धास्ती वाटेल. तहान इतकी ढिली यंत्रणा नाही. रक्त जेमतेम एक-दोन टक्क्यांनी दाट झालं की ती लागते. फक्त तहान आणि कोरडं तोंड यांत गल्लत करू नका. तोंडाने श्वास घेतला की घसा सुकतो. अशा वेळी चूळ भरा आणि थुंका. पुन्हा दोन मिनिटांत पाणीच आठवलं तर ती तहान, तेव्हा दोन-चार घोट घ्या. ग्लास संपवायलाच हवा असं नाही. शर्यतीच्या आदल्या रात्री आणि पहाटे ‘साठा’ म्हणून लिटरभर ढोसणंही सोडा. नेहमीसारखं जेवण, वरण-भातातलं नेहमीचं मीठ, एवढं पुरतं. आणि मिस्टरांना सांगा, स्कूटर दर दोन किलोमीटरला आपणहून थांबवायची नाही, तुम्ही हात केलात तरच.

गोळी मात्र बंद करा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या वेदनाशामक गोळ्या व्हॅसोप्रेसिनचा जोर वाढवतात आणि पळताना आधीच ताणलेल्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही कमी करतात. लांब पळण्याच्या आदल्या दिवसापासून, पळून आल्यावर लघवी नीट होईपर्यंत ती नकोच. गोळीशिवाय ३२ किलोमीटर होत नसतील तर जानेवारीच्या आधी गुडघा अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी किंवा नैराश्यावरची काही औषधं घेणाऱ्यांचं सोडियम एरवीही उतरू शकतं. त्यांनी पळण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावं, औषध मनाने थांबवू नये.

शर्यतीत पोटात पाणी खळखळायला लागलं, तहान नाही तरी मळमळतंय, अंगठी किंवा घड्याळाचा पट्टा रुतायला लागला, तर पाणी तिथेच थांबवा आणि वेग कमी करा. लघवी मोकळी होईपर्यंत घोटही नको. पूर्ण शुद्धीत असाल आणि उलटी होत नसेल तर खारट काहीतरी खा. अर्धा कप पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ आणि लिंबू, असं चांगलं खारट करून घेता येतं. त्याची चव वाईट लागते, पण ते रक्तापेक्षा दाट असतं आणि म्हणूनच उपयोगी पडतं. मूत्रपिंडाचा, हृदयाचा किंवा रक्तदाबाचा विकार असेल तर हे घरी करायचं नाही.

पुढची लक्षणं घरच्यांना तोंडपाठ हवीत, कारण ती ज्याला होतात त्याला समजत नाहीत. उलट्या थांबत नाहीत, डोकेदुखी वाढतच जाते, झोकांड्या जातात, आपण कुठे आहोत ते नीट सांगता येत नाही, दम लागतो, झटके येतात. यातलं एक जरी दिसलं तर लगेच दवाखाना, तेही अतिदक्षता विभाग असलेला. अंग चटका बसेल इतकं तापलं असेल आणि बरळणं असेल तर उष्माघाताचा संशय धरायचा आणि नेता नेताच अंगावर पाणी ओतून, वारा घालून गार करायचं. शर्यत संपताच थांबल्यावर चक्कर येऊन खाली बसलेला, पण आडवं करून पाय वर धरल्यावर काही मिनिटांत सावरलेला माणूस बहुतेक वेळा या दोन्हींतला नसतो. पळणं एकदम थांबलं की रक्त पायात साठतं, तेवढंच.

दवाखान्यात पोहोचल्यावर सगळ्यात मोठी चूक होऊ शकते ती सलाईनची. धावपटू आला, थकलाय, लघवी झालेली नाही, मग लावा बाटली. नेहमीच्या सलाईनमध्ये सोडियम लिटरमागे १५४ असलं तरी हॉर्मोन चढलेलं असताना मूत्रपिंड मीठ लघवीत टाकतं आणि पाणी ठेवून घेतं, त्यामुळे आकडा आणखी घसरू शकतो. म्हणून आधी सोडियमची तपासणी. ते कमी निघालं आणि मेंदूची लक्षणं असली तर ३ टक्क्यांचं दाट सलाईन, १०० मिलिलिटर दहा मिनिटांत, गरजेप्रमाणे तीन वेळांपर्यंत, ही जगभर मान्य झालेली पद्धत आहे. सोडियम हळूहळूच वाढवावं ही भीती जुनाट, दिवसेंदिवस उतरलेल्या सोडियमसाठी असते. काही तासांत झालेल्या या प्रकारात थांबण्यातच धोका जास्त.

शर्यतीच्या दिवशी छातीवरच्या नंबरच्या मागे पेनने चार ओळी लिहून ठेवा: निघतानाचं वजन, रक्तगट, चालू औषधं, आणि ‘गोंधळलेली दिसले तर सलाईनआधी सोडियम तपासा’. मिस्टरांच्या खिशातही तीच चिठ्ठी असू द्या. आणि अंगठी त्या दिवशी घरी काढून ठेवू नका. बोटात फिरतेय की रुतायला लागलीय, हे दर पाच-सहा किलोमीटरला अंगठ्याने चाचपून बघता येईल.